परतीची तारीख ठरलेली नाही: ओपन तिकीट, वैधता आणि तारीखबदल

शर्वरी_एनजे
आईबाबा मार्चमध्ये पुण्याहून न्यूजर्सीला येताहेत. एप्रिलच्या मध्यावर माझी ड्यू डेट आहे. येण्याची तारीख २० मार्च, मुंबई ते न्यूअर्क, हे पक्कं. परत कधी ते कुणालाच सांगता येत नाहीये. सगळं नीट झालं तर जुलैअखेर, नाहीतर ऑगस्ट. बाबांना मात्र गणपतीच्या आधी घरी पोचायचंच आहे, म्हणजे यंदा १४ सप्टेंबरच्या आत. आई कदाचित आणखी थांबेल.

पुण्यातला एजंट म्हणतो, "ओपन तिकीट देतो, वर्षभर चालतं, हवं तेव्हा या." पण त्याने पाठवलेल्या कोटेशनवर परतीची तारीख १८ जून छापलेली आहे. मग ओपन काय आहे यात? आणि ही तारीख पुढे ढकलायला नक्की किती पैसे पडतात? कुणी नीट समजावून सांगेल का?

साठेकाका
शर्वरी, अजिबात काळजी करू नकोस. आंतरराष्ट्रीय तिकीट एक वर्ष वैध असतं, हा जगभरचा नियम आहे. परतीची कुठलीही तारीख टाकून घ्यायची आणि नंतर फोन करून बदलायची. एजंट बरोबर सांगतोय. पूर्वी तर तिकिटावर तारखेच्या जागी सरळ OPEN लिहून मिळायचं.

खिडकी_क्र_४
साठेकाका, एक वर्षाचा नियम आहे खरा, पण तो पूर्ण दराच्या तिकिटाचा. अशा तिकिटावर पहिला प्रवास ज्या दिवशी सुरू झाला तिथून एक वर्ष, आणि तिकीट मुळीच वापरलं नसेल तर काढलेल्या दिवसापासून एक वर्ष. सवलतीच्या भाड्याला त्याची स्वतःची कमाल मुदत असते, आणि आईवडिलांसाठी आपण काढतो ती तिकिटं बहुतेक सवलतीचीच असतात. ती मुदत एक महिना, तीन महिने, सहा महिने किंवा बारा महिने, काहीही असू शकते. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटांची मुदत वेगळी निघते.

तारखेच्या रकान्यात OPEN छापलेलं तिकीट आजही काही भाड्यांवर निघतं. पण ते महाग पडतं, आणि त्यात परतीची जागा धरलेली नसते. फक्त त्या वर्गाचे पैसे भरलेले असतात. नंतर जागा शोधायची ती त्याच वर्गात शोधावी लागते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथेच गाडं अडतं. म्हणून एजंट लोक आता काय करतात, तर एक लांबची तारीख टाकून कन्फर्म तिकीट देतात आणि त्यालाच ओपन म्हणतात. व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही. फक्त त्या भाड्याची मुदत किती आणि तारीखबदलाच्या अटी काय, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

मुदत कुठे बघायची ते सांगतो. ई-तिकिटाच्या पावतीवर प्रत्येक विमानाच्या ओळीत NVB आणि NVA असे दोन छोटे रकाने असतात. परतीच्या ओळीतल्या NVA खाली जी तारीख असेल त्या दिवसापर्यंत परतीचा प्रवास सुरू झाला पाहिजे. त्यापुढची तारीख त्या भाड्यावर मिळत नाही, दंड भरायची तयारी असली तरी. NVB ची तारीख उलट बाजूची, म्हणजे त्याआधी परत येता येत नाही. काही कंपन्यांच्या पावतीवर हे रकाने नसतात. तिथे भाड्याच्या अटींमध्ये 'मॅक्झिमम स्टे' शोधायचं.

शर्वरी, तुमच्या कोटेशनवर १८ जून आहे, म्हणजे २० मार्चपासून तीन महिन्यांच्या जेमतेम आत. मला वास येतोय की हे तीन महिन्यांच्या मुदतीचं भाडं आहे. एजंटला एकच प्रश्न विचारा: "या भाड्याचा मॅक्झिमम स्टे किती?"

नागपुरी_संत्री
माझाही हाच प्रश्न आहे. नागपूरहून पुण्याला जायचंय, परत कधी ते ठरलेलं नाही. रेल्वेत परतीचं ओपन तिकीट मिळतं का? वर्षभराची वैधता रेल्वेलाही लागू आहे का?

साठेकाका
अहो, इथे विमानाचं चाललंय.

खिडकी_क्र_४
चालायचंच. आपल्या आरक्षित गाड्यांना तसं काही नाही. परतीचं तिकीट वेगळं काढायचं, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. तारीखबदल हवा असेल तर खिडकीवर काढलेलं तिकीट गाडी सुटण्याच्या किमान ४८ तास आधी खिडकीवर नेऊन एकदाच पुढेमागे करता येतं. ऑनलाइन तिकिटाला ती सोय नाही, ते रद्द करून नवं काढायचं. तुमच्यासाठी खिडकीचं तिकीट बरं.

हॅरोची_मावशी
इकडे ब्रिटनमध्ये रेल्वेचं ओपन रिटर्न सर्रास मिळतं. ऑफ-पीक रिटर्न काढलं की परतीचा भाग एक महिना चालतो, गर्दीच्या वेळा सोडून कुठलीही गाडी पकडा. म्हणून इकडून येणाऱ्यांना वाटतं विमानाचंही तसंच असेल. विमानाला तसं धरून चालू नका, एवढंच सांगायचं होतं.

शर्वरी_एनजे
खिडकी_क्र_४, तुमचा अंदाज बरोबर निघाला. एजंटला विचारलं तर आधी टाळाटाळ, मग हे पाठवलं:

पहिलं भाडं माणशी ९८,०००. मॅक्झिमम स्टे तीन महिने. तारीखबदलाला १५,००० आणि वर भाडेफरक.
दुसरं भाडं माणशी १,०९,०००. मॅक्झिमम स्टे बारा महिने. तारीखबदलाला दंड नाही, भाडेफरक लागू. नो-शो झाल्यास, म्हणजे न कळवता विमान चुकवल्यास, २०,०००.

दोन्ही एकाच कंपनीची, एकाच विमानाची. तो म्हणतो पहिलंच घ्या, नंतर १५,००० भरून बदलू.

खिडकी_क्र_४
पहिलं घेतलंत आणि आईबाबा २० जूनपुढे थांबले, तर १५,००० भरूनही काम होणार नाही. दंड हा मुदतीच्या आतल्या बदलासाठी असतो. मुदतीबाहेरची तारीख हवी असेल तर संपूर्ण तिकीटच जास्त मुदतीच्या भाड्यात नेऊन बसवावं लागतं. तेही त्या भाड्याच्या बाकीच्या अटी जुळल्या तरच, म्हणजे जातानाचा वापरलेला प्रवासही नव्या भाड्याने मोजला जातो आणि फरक अधिक दंड असं दोन्ही पडतं. काही भाड्यांना तीही मुभा नसते. मग परतीचं तिकीट बुडालं, नवं एकेरी काढा. तुम्हाला जुलैच्या आधी परतणं शक्यच नाही असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा पहिलं भाडं तुमच्या कामाचंच नाही. दोघांचे २२,००० जास्त जाताहेत ते मुदतीचे आहेत असं समजा.

आता दुसऱ्या भाड्याचं. 'दंड नाही' म्हणजे फुकट बदल नव्हे, आणि इथे सगळ्यांची गफलत होते. तिकिटावर विमानाच्या पुढे एक इंग्रजी अक्षर असतं, V, Q, K, L असं काहीतरी. सगळे बसतात एकाच इकॉनॉमीत, पण प्रत्येक अक्षराचं भाडं वेगळं आणि प्रत्येक विमानात त्या अक्षराच्या जागा मोजक्या. तुमचं परतीचं तिकीट V मध्ये असेल आणि नव्या तारखेला V मध्ये जागा असेल तर फरक शून्य. V संपलं असेल तर त्याच्या वरच्या अक्षरात जायचं आणि त्या दोन भाड्यांतला फरक भरायचा.

उदाहरण घ्या. समजा परतीची मूळ तारीख ९ सप्टेंबर, अक्षर V. जुलैत ठरलं की २५ जुलैला निघायचं. तो शनिवार, सुट्टीतली गर्दी, V संपलेलं, Q शिल्लक. Q चं जाऊन-येऊन भाडं V पेक्षा १८,००० ने जास्त असेल तर परतीच्या अर्ध्या भागाचे माणशी ९,०००, दोघांचे १८,०००. मंगळवारी २८ तारखेला V मिळालं तर तोच बदल शून्यात. म्हणून फोन करताना एक तारीख सांगू नका. "२२ ते ३१ जुलैमध्ये माझ्या मूळ क्लासमध्ये कुठल्या दिवशी जागा आहे ते सांगा" असं विचारा. समोरच्याच्या पडद्यावर ते दिसत असतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

अजून एक. त्या दिवशी वेबसाइटवर न्यूअर्क-मुंबई एकेरी ७०,००० दिसलं म्हणून घाबरू नका. प्रवास सुरू झालेल्या तिकिटाचा फरक बऱ्याच कंपन्या मूळ तिकीट काढलं त्या दिवसाच्या दरपत्रकावरून काढतात, आजच्या एकेरी भाड्याशी तुलना करून नाही.

हिशेबी
एवढी यातायात कशाला? दोन एकेरी तिकिटं काढा. येतानाचं आत्ता, परतीचं ठरेल तेव्हा. NVA नाही, दंड नाही, कंपनीही वेगळी घेता येते. परतीचं तिकीट अमेरिकेतून काढलं तर एक फायदा वर: उड्डाणाला सात दिवस किंवा जास्त बाकी असताना थेट कंपनीकडून काढलेलं तिकीट २४ तासांत पूर्ण परताव्यासह रद्द करता येतं, किंवा तेवढा वेळ भाडं धरून ठेवता येतं. तो तिथला नियमच आहे.

खिडकी_क्र_४
दोन एकेरींना माझा विरोध नाही, आखाती कंपन्यांच्या भाड्यांत आता फारसा फरकही पडत नाही कधीकधी. पण जुलै-ऑगस्टमध्ये ऐन वेळी दोन जागा काढायच्या आहेत हे विसरू नका. रिटर्न तिकिटात वाईटात वाईट फरक किती पडेल याचा अंदाज असतो, एकेरीत तो बाजारावर सोडलेला. शिवाय न्यूअर्कला अधिकाऱ्याने "परत कधी?" विचारलं तर तारीख असलेला कागद हातात असणं आईबाबांना सोपं जातं. बी-२ या अभ्यागत व्हिसावर रिटर्न तिकीट असलंच पाहिजे असा कायदा नाही, हेही खरं.

हिशेबी
कागद दाखवायला रद्द करता येणारं तिकीट काढता येतं. माझं मत कायम. चार महिन्यांच्या आत परतणाऱ्यांनी रिटर्न घ्यावं, ज्यांचा अंदाज दोन महिन्यांनी इकडेतिकडे होतो त्यांनी एकेरी.

एडिसनकर
तिकिटाची मुदत आणि राहण्याची मुदत यांची सरमिसळ होतेय, म्हणून लिहितो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी दर वेळी किती दिवस राहायचं ते उतरल्यावर ठरतं. अभ्यागतांना साधारण सहा महिने देतात. ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते आणि ती पासपोर्टच्या शिक्क्यावर अवलंबून न राहता i94.cbp.dhs.gov वर बघायची. पोचल्यावर दोन-तीन दिवसांत दोघांची वेगवेगळी काढून पीडीएफ जतन करा. कधीमधी एकाला कमी दिवस दिलेले असतात किंवा नोंदीत चूक असते, ती लगेच दुरुस्त करून घेणं सोपं.

२० मार्चला उतरले तर १९ सप्टेंबरच्या आसपासची तारीख मिळेल. तिकीट बारा महिन्यांचं आहे म्हणून आई नोव्हेंबरपर्यंत थांबू शकते असं नाही. थांबायचंच असेल तर आय-९४ संपण्याआधी मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज गेला पाहिजे, आणि तो किमान ४५ दिवस आधी भरा असं तिथलं इमिग्रेशन खातं USCIS स्वतः सुचवतं, म्हणजे तुमच्या बाबतीत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आय-९४ उलटून एक दिवसही थांबलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो आणि पुढच्या वेळी नव्याने अर्ज करावा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त झालं तर तीन वर्षांची बंदी. विमा काढला असेल तर तोही संपायच्या आधीच वाढवायचा, एकदा संपल्यावर बऱ्याच पॉलिसी वाढवून देत नाहीत.

शर्वरी_एनजे
बापरे. म्हणजे तिकिटाचे बारा महिने असले तरी उपयोग सहाच महिन्यांचा. मग परतीची तारीख काय टाकू? जुलैअखेर की सप्टेंबर?

खिडकी_क्र_४
माझ्या मते सगळ्या मर्यादांच्या आत बसणारी शेवटची सोयीची तारीख. आय-९४ अंदाजे १९ सप्टेंबर, गणपती १४ ला, प्रवास आणि जेटलॅग धरून ९ सप्टेंबर, बुधवार. कारण असं की तारीख अलीकडे आणायला आणि पलीकडे न्यायला खर्च सारखाच, पण लांबची तारीख असली की निर्णयाला वेळ मिळतो. जुलैची तारीख टाकलीत आणि त्या आठवड्यात घरात कुणी आजारी, तर घाईत फोन करायचा, आणि तो राहिला तर नो-शो.

हिशेबी
असहमत. ज्या तारखेची शक्यता सगळ्यात जास्त तीच टाका. बदल करावाच लागला नाही तर फरकाचा प्रश्नच नाही. सप्टेंबर टाकून जुलैत आणायचं म्हणजे बदल जवळजवळ नक्की, आणि तोही स्वस्त महिन्यातून महागात. आत्ता, सहा महिने आधी, २८ जुलैला V सहज मिळेल. जुलैत मिळणार नाही.

खिडकी_क्र_४
V बद्दलचा मुद्दा बिनतोड आहे. गर्दीच्या मोसमातली जागा आधी धरून ठेवणं आणि तिथून सप्टेंबरकडे सरकणं स्वस्त पडतं, हे मान्य. पण त्यात शिस्त लागते. २८ जुलैच्या निदान पंधरा दिवस आधी निर्णय झाला पाहिजे. शर्वरी, घरचा स्वभाव तुम्हालाच माहीत.

तंबोरा
मध्येच विचारतो, माफ करा. सासूबाई टोरंटोला आहेत, परतीच्या तिकिटाची NVA पुढच्या आठवड्यात संपतेय आणि त्या इस्पितळात दाखल आहेत. डॉक्टर तीन आठवडे विमान नको म्हणतात. तिकीट बुडालं का?

खिडकी_क्र_४
नाही, आज कंपनीला कळवा, NVA उलटायची वाट बघू नका. बहुतेक कंपन्यांच्या वाहतूक अटींमध्ये कलम असतं: प्रवास सुरू झाल्यानंतर आजारपणामुळे मुदतीत परतता आलं नाही तर वैद्यकीय दाखल्यावर मुदत वाढवता येते, प्रवासायोग्य झाल्यावर त्या वर्गात पहिली जागा मिळेल तिथपर्यंत. वाटेत थांबा घेतलेलं तिकीट असेल तर दाखल्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांची कमाल मर्यादा दिसते. सोबत प्रवास करणाऱ्या जवळच्या नातेवाइकालाही तीच वाढ मिळू शकते. प्रवासात कुटुंबीयाचं निधन झालं तर ४५ दिवसांपर्यंतची तरतूद असते. गरोदरपण मात्र बऱ्याच ठिकाणी आजारपणात धरत नाहीत.

कलमात 'वाढवू शकतो' असं असतं, 'वाढवू' असं नाही. म्हणून दाखला नेमका हवा. रुग्णाचं नाव पासपोर्टप्रमाणे, कुठल्या तारखेपासून विमानप्रवास करू नये, कुठल्या तारखेनंतर करता येईल, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. 'विश्रांतीचा सल्ला' एवढंच लिहिलेलं पत्र परत येतं. आणि मुदतवाढ झाली की तिकिटावर तशी नोंद केल्याची ईमेल मागून घ्या, फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका.

तिकीट एजंटकडून काढलंय की थेट?

तंबोरा
एजंटकडून. तो फोन उचलत नाहीये.

खिडकी_क्र_४
तर आधी परतीची धरलेली जागा रद्द करायला कंपनीला सांगा, तेवढं कंपन्या करतात. तिकिटात बदल मात्र 'ज्याने काढलं त्याच्याकडे जा' म्हणतील. प्रवास सुरू झालेला असेल तर पुष्कळ कंपन्या स्वतःच्या ताब्यात घेतात, आग्रह धरावा लागतो. शहरातल्या किंवा विमानतळावरच्या काउंटरवर दाखला घेऊन गेलं तर फोनपेक्षा लवकर होतं.

शर्वरी_एनजे
नो-शोबद्दल अजून थोडं सांगाल का? समजा तारीख जवळ आली आणि अजून ठरलंच नाही, तर?

खिडकी_क्र_४
तर ते विमान तुमच्याशिवाय उडू देऊ नका. उड्डाणाआधी ती जागा सोडली की तिकिटाचा परतीचा भाग जिवंत राहतो आणि NVA च्या आत नंतर कधीही तारीख घेता येते. खऱ्या ओपन तिकिटाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट आज हीच आहे. न कळवता विमान गेलं की नो-शोचा दंड, आणि स्वस्त भाड्यांत उरलेलं तिकीट शून्य. किती तास आधी कळवायचं ते भाड्यागणिक बदलतं, म्हणून दोन दिवस आधीचा नियम स्वतःलाच लावून घ्या. आणि न्यूअर्कच्या वेळेने मोजा, पुण्याच्या नव्हे.

हे करताना एक सापळा आहे. वेबसाइटवरचं 'कॅन्सल' बटण अनेकदा परतावा काढायला घेतं आणि तिकीट बंद करून टाकतं. अर्धं वापरलेल्या तिकिटाचा परतावा म्हणजे भरलेल्या रकमेतून जातानाचं एकेरी भाडं वजा. तुमच्या १,०९,००० मधून एकेरी ८०,००० आणि दंड गेला तर हातात काय उरतं ते बघा. तेव्हा बटण नको, फोन करा आणि स्पष्ट सांगा की फक्त परतीची जागा रद्द करायची आहे, रिफंड नको, तिकीट ओपन ठेवा. नंतर 'मॅनेज बुकिंग'मध्ये जाऊन खात्री करा. परतीचं विमान दिसणार नाही. तिकीट क्रमांक टाकून स्थिती बघता येत असेल तर परतीच्या कूपनपुढे OPEN असलं पाहिजे. REFUNDED दिसलं तर लगेच पुन्हा फोन.

डोंबिवली_फास्ट_लेन
आमच्या शेजारच्यांचं झालं होतं असं. फोनवर तारीख बदलली, ईमेलमध्ये नवी तारीख आली, आणि विमानतळावर म्हणाले तिकीट नाही. असं कसं होतं?

खिडकी_क्र_४
बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत म्हणून होतं. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे जागा धरल्याची नोंद. तिकीट म्हणजे १३ आकडी क्रमांक, ज्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडिया ०९८, युनायटेड ०१६, एमिरेट्स १७६, लुफ्थान्सा २२०. तारीख बदलताना जागा नव्या विमानात हलते, पण तिकीट पुन्हा काढायचं राहिलं, पैसे भरायचे राहिले किंवा रांगेत अडकलं, तर पीएनआरमध्ये नवी तारीख आणि तिकिटावर जुनी. चेक-इनला ते जुळत नाही.

ओळखायची खूण सोपी. पुन्हा काढलेल्या तिकिटाचा क्रमांक नवा असतो. बदलानंतर नवी पावती आली का आणि तिच्यावरचे १३ आकडे जुन्यापेक्षा वेगळे आहेत का, एवढं तपासा. दोघांचे क्रमांक वेगवेगळे तपासा, एकाचं झालं आणि दुसऱ्याचं राहिलं असं होतं. आणि नव्या क्रमांकाने मुदत नव्याने सुरू होत नाही, ती पहिल्या प्रवासाच्या तारखेपासूनच मोजतात.

दुसरं म्हणजे विमान बदललं की व्हीलचेअर, जेवण आणि सीट या विनंत्या कधीकधी मागेच राहतात. फोन संपवण्याआधी वाचून दाखवायला सांगा: व्हीलचेअर दोघांना आहे का, न्यूअर्क आणि मधल्या विमानतळावर दोन्हीकडे आहे का, शाकाहारी जेवण AVML टाकलंय का.

शर्वरी_एनजे
आणि बाबा आधी गेले, आई थांबली, तर?

खिडकी_क्र_४
मग पीएनआर विभागावा लागतो. तारीख बदलण्याआधीच सांगायचं की एका प्रवाशाची वेगळी नोंद करा. आईला नवा पीएनआर मिळेल, तिकीट क्रमांक तोच राहील. विभागणी झाल्यावर बाबांची तारीख बदला. उलट क्रमाने केलं तर दोघांचीही तारीख हलण्याची भीती. वेबसाइटवर हे बहुधा जमत नाही. वेगळं परतण्याची शक्यता आत्ताच दिसत असेल तर दोन वेगळे पीएनआर काढून एकमेकांची नोंद त्यात टाकून घेणं जास्त सुटसुटीत. तोटा एवढाच की जाताना विमान रद्द झालं तर दोघांना वेगवेगळ्या विमानांत टाकण्याची शक्यता थोडी वाढते.

साठेकाका
माझ्या वेळचं सगळंच बदललेलं दिसतंय. बाकी दोन पीएनआर मला पटत नाही, म्हातारी माणसं आहेत, एकत्रच असू दे.

एडिसनकर
मीही एकत्रच म्हणेन. जातानाचा प्रवास पहिल्यांदाच असेल तर विशेष करून.

शर्वरी_एनजे
दुसरं भाडं घेतेय, एकाच पीएनआरवर. तारखेवरून घरात दोन तट पडलेत. नवऱ्याला हिशेबींचं पटतंय, बाबांना ९ सप्टेंबर. एजंट म्हणतो २८ जुलैला V च्या अजून चार जागा आहेत आणि भाडं उद्या संध्याकाळपर्यंतच धरून ठेवेल.

हिशेबी
चार जागा असतील तर उद्या सकाळीच तिकीट काढा. आणि त्याच्याकडून भाड्याच्या अटींचा पूर्ण मजकूर ईमेलवर घ्या. व्हॉट्सॅपवरचं "हो मॅडम, चालेल" पुढे जुलैत कामाला येत नाही.

तंबोरा
टोरंटोच्या काउंटरवर दाखला घेतला त्यांनी. प्रवासाची पुढची तारीख दाखल्यात नव्हती म्हणून परत पाठवलं, आता डॉक्टरकडून नवा घेतोय. NVA ला अजून चार दिवस आहेत.

खिडकी_क्र_४
नवा मिळेपर्यंत परतीची जागा सोडली आहे ना, तेवढं आधी बघा.